चाकं चार, भार तिनांवर

भरलेल्या ट्रॉलीशेजारी उकिडवं बसून तिच्या चारही चाकांना एकेक करून बोट लावून पाहावं. तीन चाकं जागची हलत नाहीत. चौथं मात्र बऱ्याचदा बोटाच्या हलक्या धक्क्यानं फिरतं, कारण ते फरशीला जेमतेम टेकलेलं असतं. ट्रॉली वाकडी बनलेली नसते, चाकही खराब नसतं. फरशी कुठेतरी एक-दोन मिलिमीटर खाली-वर असते, एवढंच पुरतं.

पूजेच्या चौरंगाचा एक पाय डुगडुगतो आणि त्याखाली कागदाची घडी सारावी लागते, तो हाच प्रकार. तिपाईला अशी घडी कधीच लागत नाही. तीन पाय कोणत्याही जमिनीवर आपोआप टेकतात, चौथ्याला मात्र जमीन बरोबर त्याच पातळीवर मिळावी लागते. चौरंग निदान एका जागी राहतो. ट्रॉली फिरते, त्यामुळे तिच्या चाकांपैकी अधांतरी कोण, हेही जागेगणिक बदलतं. चाकं निवडण्याचा सगळा हिशेब इथून सुरू होतो.

आधी शब्दाचा घोळ मिटवायला हवा. मराठी घरात ‘किचन ट्रॉली’ म्हटलं की ओट्याखालच्या सरकत्या स्टीलच्या जाळ्या डोळ्यांसमोर येतात. इथे विषय आहे तो चाकांवर फिरणाऱ्या सुट्या ट्रॉलीचा: जिच्यावर ग्राइंडर, मिक्सर आणि धान्याच्या कोठ्या राहतात, आणि जी काम असेल तेव्हा ओट्याजवळ, नसेल तेव्हा कोपऱ्यात जाते. तिच्या जोडीला असतो बसायचा बाक, ज्याच्या पोटात गोधड्या, जास्तीची भांडी किंवा चपला ठेवतात. दोन्हींखाली लागणाऱ्या चाकाला हार्डवेअरच्या दुकानात ‘कॅस्टर’ म्हणतात. मुंबईची नागदेवी स्ट्रीट असो की पुण्याची बोहरी आळी, दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, “किती इंची?” गिऱ्हाइकानं त्याआधी आणखी एक आकडा काढून ठेवलेला बरा: किती किलो?

समजा, सुतारानं १८ मिलिमीटरच्या प्लायवुडची तीन कप्प्यांची ट्रॉली बनवली. अर्ध्या शीटहून थोडं जास्त प्लाय लागलं, तर तिचं स्वतःचं वजन साधारण २० किलो भरेल. आता सामान मोजू. २० किलो गव्हाची कोठी, १० किलो तांदूळ, सुमारे १२ किलोचा टेबलटॉप ग्राइंडर, मिक्सर आणि त्याची भांडी मिळून ५ किलो, तेलाचा डबा ५ किलो, साखर-गूळ-डाळींच्या बरण्या ८ किलो. सामानाचे ६० आणि ट्रॉलीचे २०, एकूण ८० किलो.

ऐंशीला चारनं भागलं तर २० येतात, आणि २० किलोची चाकं पुरतील असं वाटतं. पण भार तीनच चाकांवर येऊ शकतो, म्हणून भागायचं तीननं. प्रत्येकी २७ किलो. हा झाला ट्रॉली शांत उभी असतानाचा आकडा. ती सांध्यावरून खडखडत जाते, वरच्या फळीवरचा डबा काढताना कुणी तिच्यावर हाताचा रेटा देतं, एखाद्या पावसाळ्यात गव्हाचं दुप्पट सामान भरलं जातं. त्यामुळे २७ वर थांबू नये. एका चाकाची क्षमता ४० किलो असेल, तर या ट्रॉलीला ती निश्चिंतपणे पुरेल.

दुकानात ‘शंभर किलो आरामात घेईल’ असं सांगितलं गेलं, तर तो आकडा एका चाकाचा की चारांच्या संचाचा, हे विचारायलाच हवं. संचाचा असेल तर त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे २५ किलो, हीच एका चाकाची क्षमता, आणि आपल्या ट्रॉलीला ती अपुरी आहे. शिवाय चाकावर किंवा खोक्यावर छापलेली क्षमता सपाट जमिनीसाठी आणि माणसाच्या चालीच्या वेगासाठी धरलेली असते. उंबऱ्यावरून आपटत नेण्यासाठी नव्हे.

भार जास्त झाला की चाक एकदम मोडत नाही. आधी खुणा दाखवतं. पट्टी आणि चाक यांच्यामध्ये छऱ्यांची एक गोल रांग असते. तिच्यामुळेच चाक स्वतःभोवती वळतं. जादा भारानं ती रांग ज्या पत्र्यात बसलेली असते त्यात खळगे पडतात, आणि वळताना चाक अडखळत, टप्प्याटप्प्यानं वळू लागतं. चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा पत्र्याचा फोर्क फाकतो आणि चाक आतल्या आत तिरकं चालतं. प्लॅस्टिकच्या चाकाचं आसाचं भोक लांबट होतं. यातली कोणतीही खूण दिसली, तर तेल घालून उपयोग नाही. मोठ्या क्षमतेची चाकं बसवावी लागतात.

किलो ठरल्यावर इंचांकडे येऊ. चाकाचा आकार ठरवणारी खरी जागा म्हणजे स्वयंपाकघराचं दार. तिथे अनेक घरांत ग्रॅनाइटची पट्टी असते, फरशीपेक्षा जरा उंच. आपली ८० किलोची ट्रॉली ५ मिलिमीटर उंच पट्टीशी आली आणि पुढच्या दोन चाकांवर मिळून ४० किलो भार आहे, असं धरू. पट्टीची कड सरळ उभी आणि चाक कठीण असेल, तर तरफेच्या साध्या नियमानं लागणारं बळ काढता येतं. ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंची चाकाला जवळपास ३० किलो वजन उचलण्याइतकं बळ लावावं लागतं. तीन इंची, ७५ मिलिमीटरच्या चाकाला सुमारे २३ किलो, आणि चार इंचीला १९.

पट्टी १० मिलिमीटर उंच असली तर फरक फार मोठा होतो. दोन इंची चाकासाठी बळाची गरज ५३ किलोपर्यंत जाते, म्हणजे चाकांवर आहे त्या भारापेक्षाही जास्त. ट्रॉली पट्टीशी अडते, ढकलणारा जोर वाढवतो आणि वरचा मिक्सर पुढे कलंडतो. अशा घरात ट्रॉली दाराबाहेर न्यायची असेल, तर चाक निदान तीन इंची हवं. ट्रॉली ओट्याजवळून हलणारच नसेल आणि फरशी गुळगुळीत असेल, तर दोन इंची चालून जातं.

मोठ्या चाकाची किंमत उंचीत मोजावी लागते. तीन इंची चाक म्हणजे केवळ ७५ मिलिमीटर उंची नव्हे. फोर्क आणि पट्टी धरून ती १०० ते ११० मिलिमीटरपर्यंत जाते. ओट्याला लागून त्याच पातळीची ट्रॉली हवी असेल, तर तेवढी उंची लाकडी सांगाड्यातून आधीच कमी करायला हवी. म्हणून चाकं आधी आणावीत, ती सुताराच्या हातात द्यावीत, आणि मग प्लाय कापू द्यावं.

आता चाक कशाचं? उत्तर पायाखालच्या फरशीला विचारायचं. ढोबळ रीत अशी की कठीण फरशीला मऊ चाक, मऊ जमिनीला कठीण चाक. पण स्वयंपाकघरात पाणी, तेल आणि आवाज असे आणखी तीन पाहुणे असतात.

पांढरं किंवा काळं, नखानं दाबलं तर अजिबात न दबणारं चाक बहुधा नायलॉनचं किंवा पॉलिप्रॉपिलीनचं असतं. कठीण असल्यानं भाराखाली ते फारसं चेपत नाही, त्यामुळे ढकलायला हलकं जातं. तेलानं, साबणाच्या पाण्यानं त्याचं काही बिघडत नाही. नायलॉन जास्त दणकट, पॉलिप्रॉपिलीन स्वस्त, आणि दिसायला दोन्ही सारखीच. धातूचा भाग नसलेलं सुटं चाक पाण्यात टाकलं तर पॉलिप्रॉपिलीन तरंगतं आणि नायलॉन बुडतं, कारण एक पाण्याहून हलकं आहे आणि दुसरं जड. दोन्हींचा दोष मात्र एकच. टाइलच्या प्रत्येक सांध्यावर ती ‘टक्’ करतात. शहाबादी फरशीच्या रुंद सांध्यांवरून तर खडखडाट होतो, आणि सकाळी सहाच्या डब्याच्या घाईत तो खालच्या मजल्यावर स्पष्ट ऐकू जातो. चाकाखाली वाळूचा खडा अडकला तर कठीण चाक तो जिरवत नाही. फरशीवरच घासत नेतं.

रबराचं चाक शांत असतं, सांधे गिळतं आणि ओल्या टाइलवर पकड धरतं. पण काळ्या रबरातली द्रव्यं फिकट फरशीत उतरतात आणि ट्रॉली महिनोन्महिने उभी राहते तिथे चार तपकिरी डाग पडतात. ते पुसून जात नाहीत. म्हणून घरात करड्या रंगाचं, डाग न पाडणारं रबर मागावं. दुसरी अडचण भाराची. जड ट्रॉली बराच काळ एका जागी राहिली तर रबर टेकलेल्या बाजूला चपटं होतं आणि मग फिरताना चाक दर फेऱ्याला ठेचकाळतं.

या दोघांच्या मधलं चाक म्हणजे पॉलियुरेथेनचं, दुकानातल्या भाषेत ‘पीयू’. बहुतेक वेळा आत कठीण प्लॅस्टिकचा गाभा आणि बाहेरून पीयूचा थर असतो. रबरापेक्षा ते कमी चेपतं, नायलॉनपेक्षा कितीतरी शांत चालतं, फरशीवर डाग पाडत नाही आणि भारही चांगला घेतो. व्हिट्रिफाइड टाइल किंवा पॉलिश केलेल्या कोट्याच्या फरशीवर ८० किलोच्या ट्रॉलीसाठी तीन इंची पीयू ही सर्वांत समतोल निवड ठरते.

त्यालाही एक मर्यादा आहे, आणि ती किनारपट्टीवरच्या घरांनी लक्षात ठेवायला हवी. कपाटात वर्षानुवर्षं न वापरता ठेवलेला बूट एक दिवस घालायला काढावा आणि त्याचा तळवा हातात भुग्यासारखा यावा, हा अनुभव पुष्कळांना असतो. तो तळवा पीयूचा असतो. पॉलिएस्टर जातीच्या पीयूचे रेणू हवेतल्या बाष्पानं हळूहळू तुटतात. उष्ण आणि दमट हवेत ही क्रिया वेगानं होते. वापर असो वा नसो, ती थांबत नाही. कोकणात किंवा गोव्यात काही वर्षांनी पीयूचा थर चिकट झाला, त्याला बारीक भेगा पडल्या किंवा तुकडे सुटू लागले, तर कारण हे असू शकतं. पॉलिइथर जातीचं पीयू बाष्पाला अधिक काळ दाद देत नाही. दुकानदाराला जात सांगता आली नाही, तर अशा हवेत करडं रबर किंवा नायलॉन घेतलेलं सुरक्षित. फोर्कही तिथे साध्या मुलामा दिलेल्या पत्र्याऐवजी स्टेनलेस स्टीलचा घ्यावा. मोरीजवळच्या ट्रॉलीला तर सगळीकडेच.

उरला ब्रेक, आणि तिथेच सर्वांत जास्त फसगत होते. ब्रेक लावलेली ट्रॉलीसुद्धा कणीक मळताना डुगडुगते, ग्राइंडर चालू झाला की हळूहळू सरकते. घरच्यांना वाटतं ब्रेक खराब आहे. बहुतेक वेळा तो चांगला असतो. जातच चुकीची असते.

फिरत्या चाकाची रचना जवळून पाहिली की कारण कळतं. चाक वरच्या खुंट्याच्या बरोबर खाली नसतं. दोन-अडीच सेंटिमीटर बाजूला असतं. या अंतरामुळेच ट्रॉली ज्या दिशेला ढकलावी, त्या दिशेला चाक आपोआप मागे वळून येतं. साधा ब्रेक दट्ट्यानं फक्त चाकाचं फिरणं बंद करतो. खुंट्याभोवतीचं वळणं चालूच राहतं. म्हणजे चाक फरशीला घट्ट धरून आहे, पण ट्रॉली त्याच्याभोवती दोन-अडीच सेंटिमीटर इकडे आणि तेवढीच तिकडे झुलू शकते. पोळपाट ठेवून त्यावर काम करणाऱ्याला हे झुलणं पुरेसं त्रासदायक आहे.

दुसऱ्या जातीचा ब्रेक चाक आणि वळणं दोन्ही एकदम बांधतो. त्याला ‘टोटल लॉक’ किंवा ‘डबल लॉक’ म्हणतात. दुकानात तो ओळखणं सोपं आहे. ब्रेक दाबावा, एका हातानं पट्टी घट्ट धरावी आणि दुसऱ्या हातानं फोर्क वळवून पाहावा. फोर्क वळला तर साधा ब्रेक. हातभरही न हलता अडला तर दुहेरी. ज्या ट्रॉलीवर काही कापायचं, मळायचं किंवा दळायचं आहे, तिला दुहेरीच हवा. जी फक्त सामान वाहते, तिला साधा पुरतो.

ब्रेकवाली चाकं किती आणि कुठे? चारही घ्यायची गरज सहसा नसते. दोन घ्यावीत आणि ती माणसाच्या बाजूला बसवावीत. भिंतीकडच्या चाकांच्या ब्रेकपर्यंत पाय पोचतच नाही, त्यामुळे ते कधी लावले जात नाहीत. पुढच्या दोन्ही चाकांना दुहेरी ब्रेक असेल, तर ती दोन ठिकाणं फरशीला धरून राहतात आणि मागची बाजूही भरकटत नाही. ब्रेकची दांडी अनवाणी पायाच्या बोटानं खाली जाते का आणि पुन्हा वर येते का, हे दुकानातच करून पाहावं. आपल्याकडे स्वयंपाकघरात बूट घालून कुणी वावरत नाही; कारखान्यासाठी केलेली धारदार लोखंडी दांडी अनवाणी पायाला लागते.

ब्रेक चाक थांबवतो, फरशी नाही. तेल सांडलेल्या टाइलवर नायलॉनचं बांधलेलं चाकही ट्रॉलीसकट घसरतं. ग्राइंडरची ट्रॉली सरकत असेल, तर आधी फोर्क वळतोय की चाक घसरतंय हे पाहावं. फोर्क वळत असेल तर ब्रेकची जात बदलायची, चाक घसरत असेल तर चाकाचा पदार्थ बदलायचा.

चाक खुंट्याच्या बाजूला असण्याचा आणखी एक परिणाम ट्रॉलीच्या तोलावर होतो. ४० सेंटिमीटर रुंद ट्रॉलीला कडेपासून ४ सेंटिमीटर आत खुंटे बसवले, तर दोन खुंट्यांत ३२ सेंटिमीटर अंतर उरतं. दोन्हीकडची चाकं आतल्या बाजूला वळली की प्रत्यक्ष टेकण्याची रुंदी २७ सेंटिमीटरच राहते. त्यात वरचा ड्रॉवर भरलेला असेल आणि पूर्ण बाहेर ओढला, तर अरुंद आणि उंच ट्रॉली पुढे कलंडू शकते. म्हणून गहू-तांदूळ सर्वांत खाली, ग्राइंडर मधल्या फळीवर, आणि वर फक्त हलकं सामान. चाकं कोपऱ्याच्या शक्य तितकी जवळ बसवावीत. फक्त ती पूर्ण गोल फिरताना एकमेकांना किंवा सांगाड्याला घासणार नाहीत एवढं पाहावं.

पट्टी बसवण्याची रीत चाकाइतकीच महत्त्वाची आहे. पार्टिकल बोर्डाच्या तळाला नुसते स्क्रू मारले, तर उंबऱ्याच्या काही धक्क्यांत ते सैल होतात. बोर्डाला ओल लागली की तो फुगतो आणि स्क्रू हातानंही निघतो. आरपार बोल्ट, आतल्या बाजूनं मोठा वॉशर आणि आपोआप सैल न होणारा नट, असं बसवलेलं चाक टिकतं. तळाचं प्लाय पातळ असेल तर कोपऱ्यात लाकडाचा ठोकळा चिकटवून त्यातून बोल्ट घ्यावा.

बाकाचा हिशेब वेगळा होतो, कारण त्यावर माणसं बसतात. चार फुटी प्लायचा बाक ३० किलोचा, आतलं सामान ३० किलो, आणि ७० किलोची दोन माणसं. एकूण २००. तीननं भागले की प्रत्येक चाकावर ६७ किलो, आणि माणूस अलगद टेकत नाही, धपकन बसतो. म्हणजे एका चाकाची क्षमता १०० किलोच्या आसपास हवी. अशी चाकं महाग, उंच आणि बोजड असतात. शिवाय ब्रेक लावायचा राहिला आणि आजी बसायला गेल्या, तर बाक मागे सरकण्याचा धोका कायम.

त्यामुळे बाकाला चार चाकं लावण्याऐवजी कसबी सुतार दुसरा मार्ग सुचवतात. बाक चार भक्कम लाकडी पायांवर उभा करायचा. एका टोकाच्या दोन पायांच्या मागे न वळणारी, फिक्स चाकं अशी बसवायची, की बाक सरळ असताना ती फरशीपासून दोन-तीन मिलिमीटर वर राहतील. झाडायचं असेल तेव्हा दुसरं टोक उचलायचं. चाकं टेकतात आणि बाक प्रवासाच्या बॅगेसारखा ओढून नेता येतो. माणसं बसलेली असताना सगळा भार पायांवर असतो. चाकांना फक्त रिकाम्या बाकाचा आणि आतल्या सामानाचा, म्हणजे ६० किलोंचा काही हिस्सा वाहायचा असतो. त्यासाठी तीन इंची, प्रत्येकी ४० किलोची दोन चाकं पुरतात, आणि ब्रेक लागतच नाही.

बसवून झाल्यावर पहिल्या आठवड्यात बोल्ट एकदा पुन्हा आवळावेत, कारण लाकूड दबतं. नंतर तीन-चार महिन्यांनी ट्रॉली रिकामी करून आडवी घालावी. आसाभोवती केस, दोरे आणि झाडूच्या काड्या गुंडाळलेल्या सापडतील. ढकलायला जड झालेल्या चाकाचं सर्वांत साधं कारण तेच असतं. ते जुन्या कात्रीनं कापून काढावेत, आस कोरडा पुसून मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा, आणि ट्रॉली उभी करून भरल्यावर पुन्हा चारही चाकांना बोट लावून पाहावं.